नाव ठरवताना मार्क कसे द्यायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲप, संस्था, ग्रुप, ओपन सोर्स प्रोजेक्ट, काहीही असो, नावांची यादी हातात आली की पुढे काय करायचं हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. यादी पंचवीस नावांची असली तरी मार्क चार-पाच नावांनाच द्यायचे असतात, इथलं सगळं त्या चार-पाच नावांबद्दल आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय म्हणजे आकडे जुळवून बघता येतील. समजा पाच जणांची टीम आहे आणि घरातल्या मोठ्या माणसांच्या तोंडून जुन्या गोष्टी रेकॉर्ड करून जपायचं ॲप बनवतेय. शेवटच्या यादीत पाच नावं आहेत: आठवण, सांगावा, किणकिण, स्मृतिकोश आणि कॅसेट.

सरळ हात वर करून मतदान का नको?

मतदानात फक्त एक कळतं, कोणाला काय आवडलं. का आवडलं ते कळत नाही, आणि नावाच्या बाबतीत तेच सगळ्यात महत्त्वाचं असतं कारण एकाला आवाज आवडलेला असतो, दुसऱ्याला अर्थ, तिसऱ्याने ते नाव स्वतःच सुचवलेलं असतं. शिवाय हात वर करताना आधी कोणाचा हात गेला ते सगळे बघतात. मार्कांची पद्धत वापरली की प्रत्येक नावाचं नेमकं काय दुखतंय ते समोर येतं, आणि मग वाद झाला तरी तो "मला नाही आवडलं" वर अडकत नाही, "स्पेलिंगला ४ कसे दिलेस, दहातल्या सहा जणांनी चुकीचं लिहिलं ना" असा होतो. असा वाद मिटतो तरी.

पाच कसोट्या कोणत्या आणि मार्क किती पैकी?

आवाज, स्पेलिंग, अर्थ, उपलब्धता आणि टिकाऊपणा. प्रत्येकाला १ ते ५. दहापैकी मार्क देऊ नका, ६ आणि ७ मधला फरक कोणालाच सांगता येत नाही आणि मग सगळेजण ६, ७, ८ मध्येच घुटमळतात.

पण १ ते ५ म्हणजे काय हे आधी लिहून ठेवायला हवं, नाहीतर एकाचा ३ म्हणजे "बरं आहे" आणि दुसऱ्याचा ३ म्हणजे "जेमतेम पास". प्रत्येक कसोटीत निदान १, ३ आणि ५ ला एकेक वाक्य लिहा. टिकाऊपणासाठी असं: ५ म्हणजे प्रॉडक्टमध्ये उद्या दुप्पट गोष्टी आल्या तरी नाव चालेल, ३ म्हणजे चालेल पण समजावून सांगावं लागेल, १ म्हणजे एक फीचर बदललं की नाव खोटं पडेल. एवढी दोन-तीन वाक्यं असली तरी मार्कांमधला गोंधळ बराच कमी होतो.

आवाजाला मार्क द्यायचे म्हणजे नक्की काय तपासायचं?

नाव एकटं म्हणून बघू नका, वाक्यात घालून बघा. मराठीत तर हे फारच गरजेचं आहे कारण आपण नावाला विभक्ती लावतो आणि त्याचं रूप बदलतं. "सांगावा" चं "सांगाव्यावर टाक" होतं, "किणकिण" चं "किणकिणीवर ऐक", "आठवण" चं "आठवणीत सेव्ह केलंय". आता "आठवणीत सेव्ह केलंय" ऐकल्यावर समोरच्याला ॲप कळेल का मनातली आठवण? इथे नाव वाक्यात विरघळून जातं, कोणी ॲपचं नाव घेतलं हेच कळत नाही. "सांगावा" मध्येही थोडी भानगड आहे, "निरोप सांगावा" असं क्रियापद म्हणून तो शब्द येतो, पण ॲपबद्दल बोलताना वाक्याची रचना वेगळी पडते त्यामुळे घोटाळा क्वचितच होतो.

दुसरं म्हणजे जोडाक्षरं. "स्मृतिकोश" सुरुवातीलाच स् आणि म् एकत्र आणि त्यात ऋ, घाईत बोलणारा माणूस ते गिळतो. फोनवर, थोड्या गोंगाटात, एकदाच म्हणा आणि समोरच्याला परत म्हणायला सांगा. पहिल्याच वेळी बरोबर परत आलं तर ५, एकदा "काय?" असं विचारावं लागलं तर ३, दोनदा सांगूनही वेगळंच परत आलं तर १.

तिसरं, आवाजाचा स्वभाव. १९२९ मध्ये वोल्फगांग कोलर या मानसशास्त्रज्ञाने लोकांना एक गोलसर आणि एक टोकदार आकृती दाखवून "बालुबा" कुठली आणि "ताकेते" कुठली असं विचारलं होतं, आणि बहुतेकांनी बालुबा गोल आकृतीला दिलं. आवाजातून आकाराची, मऊपणाची कल्पना येते ती अशी. आठवणी जपायच्या ॲपला "किणकिण" का गोड वाटतं ते यावरून कळतं, अनुनासिक ण आणि एकच अक्षरजोडी दोनदा. पण याला आवाजाच्या मार्कांत थोडंच वजन द्या, समोरच्याला नाव पहिल्यांदा नीट ऐकू येणं याहून मोठं आहे.

स्पेलिंगची टेस्ट कशी घ्यायची? आम्हाला तर सोपंच वाटतंय.

टीमला सोपं वाटणारच, टीमने ते नाव शंभरदा लिहिलेलं असतं. म्हणून टीमबाहेरची दहा माणसं घ्या, नाव फक्त ऐकवा आणि रोमन अक्षरांत टाइप करायला सांगा. नाव देवनागरीत कितीही स्वच्छ असलं तरी सर्च, डोमेन, ईमेल, युजरनेम हे सगळं बहुतेक वेळा रोमनमध्येच टाइप होतं, आणि तिथे आपली ट आणि त, ड आणि द, ण आणि न, ळ आणि ल ही सगळी एकाच अक्षरात कोंबली जातात, आ चा एक `a` की दोन हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि व ला `v` की `w` यावर तर कधीच एकमत होत नाही.

आपल्या उदाहरणात समजा असं निघालं:

"आठवण" ला चौघांनी `aathvan`, तिघांनी `athavan`, दोघांनी `aathavan`, एकाने `athvan` लिहिलं. सगळ्यात जास्त मिळालेलं स्पेलिंग दहात ४.

"सांगावा" ला सात जणांनी `sangava`, दोघांनी `sangawa`, एकाने `saangava`. म्हणजे ७.

"किणकिण" ला नऊ जणांनी `kinkin`. म्हणजे ९.

"स्मृतिकोश" ला कोणी `smriti`, कोणी `smruti`, शेवटी `kosh`, `kosha`, `kosh` च्या आधी डॅश, असं इतकं विखुरलं की कुठलंच स्पेलिंग दोनाच्या वर गेलं नाही.

मार्कांची पट्टी सोपी ठेवा: ९-१० जणांचं एकमत तर ५, ७-८ तर ४, ५-६ तर ३, ३-४ तर २, त्याखाली १. म्हणजे किणकिण ५, सांगावा ४, आठवण २, स्मृतिकोश १. कॅसेटचं पुढे बघू.

मग उलटी टेस्ट पण घ्या, रोमन स्पेलिंग दाखवून मोठ्याने वाचायला सांगा. `kinkin` वाचताना लोक "किनकिन" म्हणतील, ण जाईल. हे चालण्यासारखं आहे कारण "किनकिन" ऐकलेला माणूस परत टाइप करताना त्याच स्पेलिंगवर येतो, चुकीच्या जागी पोचत नाही. `aathvan` मात्र कोणी "आथवन" वाचलं तर ऐकणाऱ्याला शब्दच कळत नाही. चूक झाली तर माणूस कुठे पोचतो, हे बघायचं.

अर्थाला सगळ्यात जास्त मार्क नकोत का?

नको, आणि यावर माझं मत ठाम आहे. यादी बनवताना आपण अर्थावरूनच नावं शोधतो म्हणून अर्थ मोठा वाटतो, पण वापरणारा माणूस महिन्याभरात अर्थाचा विचार करणं सोडून देतो आणि नाव म्हणजे फक्त ती वस्तू होऊन जाते. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये कोडॅक हे नाव आणलं तेव्हा त्याला काहीही अर्थ नव्हता, बनवलेला शब्द होता, पण लहान, ठसठशीत आणि चुकीचं लिहायला अवघड. अर्थ नंतर कामातून भरता येतो. स्पेलिंग नंतर दुरुस्त करता येत नाही.

अर्थाला मार्क देताना दोन गोष्टी बघा. एक, नाव आणि काम यांच्यात धागा आहे का. दोन, तो अर्थ वाईट दिशेला तर जात नाही ना, दुसऱ्या भाषेत, बोलीत, रोमनमध्ये लिहिल्यावर. दुसरी गोष्ट खरी महत्त्वाची. आणि एक लक्षात घ्या की अर्थ फार थेट असेल तर पुढच्या कसोटीत, म्हणजे उपलब्धतेत, मार खावा लागतो. वस्तूचं वर्णनच नाव म्हणून घेतलं तर ट्रेडमार्क मिळणं अवघड जातं कारण वर्णनाचा शब्द सगळ्यांना वापरू द्यावा लागतो. नुसता इशारा करणारा शब्द बरा, आणि बनवलेला किंवा पूर्णपणे वेगळ्या संदर्भातला शब्द सगळ्यात भक्कम. म्हणून "आठवण" ला अर्थाच्या कसोटीत ५ मिळतात आणि उपलब्धतेत फक्त २.

उपलब्धतेला मार्क द्यायचे की सरळ हो/नाही?

दोन्ही, पण या क्रमाने. आधी गेट, मग मार्क.

गेट म्हणजे असं: तुमच्याच प्रकारच्या कामासाठी तेच किंवा कानाला सारखं वाटणारं नाव कोणी आधीच रजिस्टर केलंय का? असेल तर नाव बाद, त्याला १ मार्क देऊन पुढे नेऊ नका. बेरजेत १ मार्क बाकीच्या ५-५ मध्ये लपून जातो आणि जे नाव वापरताच येणार नाही ते पहिलं येतं. "कॅसेट" इथेच गेलं असं समजा: टीमला ते खूप आवडलं होतं पण शोधल्यावर ऑडिओ ॲपच्याच वर्गात जवळपास तेच नाव रजिस्टर झालेलं निघालं.

वर्ग म्हणजे ट्रेडमार्कचे वर्ग. नीस या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात एकूण ४५ आहेत, १ ते ३४ वस्तूंचे आणि ३५ ते ४५ सेवांचे. डाउनलोड करायचं सॉफ्टवेअर ९ मध्ये येतं, ऑनलाइन चालणारी सॉफ्टवेअर सेवा ४२ मध्ये. म्हणून नुसतं "हे नाव कोणाकडे आहे का" असं न शोधता "या वर्गांत कोणाकडे आहे का" असं शोधा, वेगळ्याच वर्गातलं तेच नाव बहुतेक वेळा चालून जातं, फार प्रसिद्ध नाव असेल तर सोडून. शोधताना हुबेहूब स्पेलिंगवर थांबू नका, `kasset`, `cassett`, `kaset` सगळं टाकून बघा, कारण गोंधळ होईल इतपत साम्य असलं तरी अडचण येते. आपल्या देशाचं रजिस्टर आणि विपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस दोन्ही फुकट बघता येतात. शेवटचं एक नाव उरलं की ते मात्र या विषयातल्या वकिलाला दाखवा, स्वतःच्या शोधावर पूर्ण विसंबू नका.

गेट पार झालेल्या नावांना मग मार्क: डोमेन मिळतंय का, युजरनेम सगळीकडे एकसारखं मिळतंय का, आणि सर्च केल्यावर पहिल्या पानावर किती गर्दी आहे. "आठवण" सर्च केलं तर कविता, गाणी, पोस्ट यांचा पूर येतो, त्यात नवीन ॲप कधी वर येणार? डोमेन मिळालं म्हणजे नाव तुमचं झालं असं मात्र नाही. डोमेन रजिस्टर केल्याने ट्रेडमार्कचा हक्क मिळत नाही.

हे इतकं कडक का? नंतर बदलता येतं की.

येतं, पण ज्यांनी बदललं त्यांना विचारा. मोझिलाचा ब्राउझर आधी फिनिक्स होता, ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे २००३ मध्ये फायरबर्ड केला, मग कळलं की फायरबर्ड नावाचा डेटाबेस प्रोजेक्ट आधीपासून आहे, तिकडून नाराजी झाली आणि २००४ मध्ये फायरफॉक्स झाला. म्हणजे एक नाव सोडून दुसरं घेतलं आणि तेही दुसऱ्याच्या वाटेत निघालं. आणखी एक, नेटवर्क तपासायचं इथीरियल हे प्रोग्रॅम २००६ मध्ये वायरशार्क झालं, कारण मूळ लेखकाने नोकरी बदलली आणि जुन्या नावाचा ट्रेडमार्क त्याच्याकडे नव्हता. कोड तोच, माणसं तीच, नाव मात्र मागेच राहिलं. म्हणून नाव कोणाच्या नावावर रजिस्टर होणार हाही उपलब्धतेतलाच प्रश्न आहे आणि ग्रुप प्रोजेक्टमध्ये तो नेहमी विसरला जातो.

टिकाऊपणा आधीच कसा कळणार?

पूर्ण कळत नाही, पण नाव म्हातारं कशामुळे होतं ते माहीत आहे, तेवढं तपासायचं.

एक, नाव आजच्या कामाची यादी असेल तर काम वाढलं की तोकडं पडतं. आयबीएमचं आधीचं नाव कम्प्युटिंग-टॅब्युलेटिंग-रेकॉर्डिंग कंपनी होतं, तीन धंद्यांची सरळ यादी, आणि १९२४ मध्ये ते बदललं. दोन, नावात एखादी मशीन किंवा फॉरमॅट असेल तर तो गेला की नाव जुनं. "कॅसेट" गेटमधून गेलं असतं तरी इथे अडकलं असतं, आज ते जुन्या काळाची हुरहुर म्हणून छान वाटतंय पण ज्यांनी कॅसेट पाहिलीच नाही त्यांना ती हुरहुर कुठून येणार. तीन, स्पेलिंगची फॅशन, स्वर गाळणं, शेवटी `ly` किंवा `ify` लावणं, मध्ये आकडा घालणं, अशा नावावरून ते कुठल्या काळात ठेवलं ते लगेच ओळखू येतं. चार, नावाचं वय आणि वापरणाऱ्याचं वय. "किणकिण" इथे कमी पडतं, लहान मुलांच्या खेळण्याला शोभेल असं वाटतं, आणि उद्या टीमला तेच ॲप एखाद्या संग्रहालयाला द्यायचं झालं तर नाव आड येईल.

टेस्ट म्हणून तीन वाक्यं लिहून वाचा: बातमीत ते नाव, वाईट प्रसंगात ते नाव (जसं की "किणकिणीवरचा डेटा गेला"), आणि पूर्ण वेगळ्या नवीन फीचरसोबत ते नाव. तिन्ही वाक्यांत नाव ओशाळवाणं वाटलं नाही तर ५.

प्रत्येक कसोटीचं वजन कसं ठरवायचं?

नावं बघायच्या आधी ठरवायचं, हे पहिलं. नावं समोर असताना वजन ठरवलं की प्रत्येकजण आपल्या आवडत्या नावाला फायदा होईल तसं वजन मागतो, मुद्दाम नाही पण होतंच.

दुसरं, फार बारीक वजनं नकोत. १७ टक्के आणि २२ टक्के असं काही करू नका. १९७९ मध्ये रॉबिन डॉज या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं की अशा निर्णयांत सगळ्या कसोट्यांना सारखं वजन दिलं तरी निकाल आश्चर्य वाटावं इतका चांगला येतो, योग्य कसोट्या निवडणं हेच मुख्य काम असतं. म्हणून एकूण १० वाटे घ्या आणि पूर्ण आकड्यांत वाटा. या ॲपसाठी टीमने ठरवलं: आवाज २, स्पेलिंग ३, अर्थ १, उपलब्धता २, टिकाऊपणा २. स्पेलिंगला जास्त कारण ॲप तोंडी प्रचारावर पसरणार आहे, एकाने दुसऱ्याला फोनवर सांगायचं आणि त्याने शोधायचं. तुमचं नाव लोक फक्त वाचणार असतील, पाटीवर किंवा खोक्यावर, तर स्पेलिंगचा एक वाटा कमी करा.

मार्क एकत्र बसून द्यायचे का?

नाही. प्रत्येकाने वेगळं, गप्प बसून, आणि सगळ्यात वरच्या माणसाने सगळ्यात शेवटी. नाव कोणी सुचवलं ते शीटवर लिहायचं नाही.

आणखी एक गोष्ट जी फार कमी जण करतात: मार्क कसोटीप्रमाणे द्या, नावाप्रमाणे नको. म्हणजे आधी सगळ्या नावांचा आवाज, मग सगळ्यांचं स्पेलिंग, असं. एका नावाच्या पाचही कसोट्या सलग भरल्या की पहिला ५ पुढच्या चारांना वर ओढतो. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये हेच माणसांच्या मूल्यमापनात दाखवलं होतं, अधिकाऱ्यांनी सैनिकाला एका गुणात चांगलं म्हटलं की बाकीच्या गुणांतही वर ठेवलं. नावांचंही तसंच होतं.

स्पेलिंगचा मार्क तर टेस्टमधूनच येतो, त्यामुळे तो कोणी "द्यायचा" नाहीच, सगळ्यांच्या शीटवर तोच आकडा. उपलब्धतेचंही जवळपास तसंच.

पाच जणांचे मार्क एकत्र कसे करायचे, सरासरी?

मधला आकडा घ्या. चढत्या क्रमाने लावून मधोमध येतो तो. किणकिणच्या आवाजाला समजा ५, ५, ४, ५, २ आले. सरासरी ४.२, मधला आकडा ५. एका माणसाने मुद्दाम किंवा गैरसमजाने दिलेला टोकाचा मार्क निकाल हलवत नाही.

पण तो २ फेकून देऊ नका, विचारा. इथे विचारल्यावर कळतं की त्या माणसाला नाव "बालिश" वाटलं म्हणून त्याने आवाजाला २ दिले आणि टिकाऊपणालाही १ दिला. एकच तक्रार दोनदा मोजली गेली. असं दिसलं की ठरवायचं की बालिशपणा टिकाऊपणात मोजायचा, आणि त्याने आवाजाचा मार्क स्वतः परत द्यायचा. इतरांनी आपापले मार्क तेव्हा बदलायचे नाहीत.

बेरीज करून दाखवा ना एकदा.

मधले आकडे असे आले (कॅसेट बाद):

| नाव | आवाज ×२ | स्पेलिंग ×३ | अर्थ ×१ | उपलब्धता ×२ | टिकाऊपणा ×२ | एकूण (५० पैकी) |
|---|---|---|---|---|---|---|
| सांगावा | ४ | ४ | ३ | ४ | ४ | ३९ |
| किणकिण | ५ | ५ | २ | ४ | २ | ३९ |
| आठवण | ४ | २ | ५ | २ | ४ | ३१ |
| स्मृतिकोश | २ | १ | ५ | ५ | ३ | २८ |

सांगाव्याची बेरीज: ८ + १२ + ३ + ८ + ८. किणकिणची: १० + १५ + २ + ८ + ४. दोन्ही ३९. आणि ५० पैकी दोन-तीन मार्कांचा फरक असता तरी मी त्याला बरोबरीच म्हटलं असतं, एका माणसाने एका खान्यात ३ च्या जागी ४ दिला की मधला आकडा सरकून तेवढा फरक सहज पडतो.

मग बरोबरी कशी सोडवायची? चिठ्ठी टाकायची?

चिठ्ठी नको, वजन हलवून बघा. स्पेलिंगचा एक वाटा काढून टिकाऊपणाला द्या: सांगावा ३९ वरच राहतो, किणकिण ३६ वर येतं. उलट टिकाऊपणाचा एक वाटा आवाजाला द्या: सांगावा परत ३९, किणकिण ४२. म्हणजे सांगावा जागचा हलत नाही आणि किणकिण तुम्ही कशाला महत्त्व देता त्यावर वर-खाली झुलतं. हे कळलं की प्रश्न छोटा होतो. टीमला एवढंच ठरवायचं की हे ॲप लवकर पसरावं हे मोठं, की दहा वर्षं चालावं हे मोठं.

दुसरा नियम आधीच लिहून ठेवलेला बरा: बरोबरी झाली तर ज्या नावाचा सगळ्यात कमी मार्क जास्त आहे ते पुढे. सांगाव्याचा सगळ्यात कमी ३, किणकिणचा २. शिवाय तो कमी मार्क कशात आहे तेही बघा. सांगाव्याचा ३ अर्थाच्या कसोटीत आहे, म्हणजे "निरोप" आणि "गोष्टी जपणं" यांचा धागा थोडा लांबचा, पण ते एका ओळीच्या टॅगलाइनने भरून निघतं. किणकिणचा एक २ अर्थाच्या कसोटीतच आहे, तो भरता येईल, पण दुसरा २ टिकाऊपणात आहे आणि त्यावर काही इलाज नाही. मी सांगावा घेतलं असतं, आणि `sangawa` चं डोमेन पण घेऊन ते मुख्य डोमेनकडे वळवलं असतं, म्हणजे दहातल्या त्या दोघांची सोय झाली.

मार्कांऐवजी प्रत्येकाने पहिला-दुसरा-तिसरा नंबर लावला तर?

सोपं आहे पण एक मोठी खोट आहे. नंबरांवर पॉइंट देऊन बेरीज केली की यादीत एखादं हरणारं नाव घातल्याने किंवा काढल्याने वरच्या दोघांचा क्रम उलटू शकतो. कॅसेट बाद झाल्यावर नंबर परत मोजायचे तर नवा वाद. लिहिलेल्या पट्टीवर दिलेले मार्क दुसऱ्या नावावर अवलंबून नसतात, कॅसेट गेलं तरी सांगाव्याचे ३९ तेच.

एखाद्याला निकाल अजिबातच पटला नाही तर?

प्रत्येकाला एक नकार द्या, पण मार्क देण्याआधी आणि कारणासकट. "माझ्या जवळच्या माणसाचं नाव आहे" हे कारण चालेल. मार्क उघडल्यानंतरचा नकार घेऊ नका, तो नावाला नसतो, हरण्याला असतो.

सगळ्याच नावांना कमी मार्क आले तर?

गेट पार केलेल्या एकाही नावाला ३५ मिळाले नाहीत किंवा प्रत्येकाच्या स्पेलिंगमध्ये २ किंवा कमी आहे, तर त्यातलंच एक ओढूनताणून घेऊ नका, परत यादी बनवा. शीट वाया जात नाही, ती सांगते काय शोधायचं. वरच्या तक्त्यात शेवटची दोन नावं स्पेलिंगवर पडली, तर पुढच्या फेरीत दोन-तीन अक्षरी, जोडाक्षर नसलेले, व आणि सुरुवातीचा आ टाळणारे शब्द शोधायचे.

नाव ठरलं, आता शीट फेकायची का?

ठेवा, तारखेसकट, वजनं, टेस्टची दहा स्पेलिंग, ट्रेडमार्क सर्चचे स्क्रीनशॉट सगळं. सहा महिन्यांनी नवीन माणूस टीममध्ये येतो आणि "हे नाव का ठेवलं, किणकिण किती छान होतं" म्हणतो तेव्हा ती दाखवता येते. आणि रजिस्ट्रेशनमध्ये कोणी हरकत घेतली तर दुसऱ्या नंबरचं नाव तयार असतं, फक्त त्याची उपलब्धता त्या दिवशी परत तपासा, मधल्या काळात ते कोणीतरी घेतलेलं असू शकतं.